भवानीच्या आधीचा हार

पहाटे एक फूलवाली आपला सर्वांत चांगला हार एका अनोळखी माणसाला देऊन टाकते. लघुपट करायला निघालेल्यांच्या वहीत ही किंवा अशीच एखादी ओळ हमखास सापडते. ऐकायला ती बरी वाटते, पण तिची गोष्ट अजून झालेली नसते. एक बाई चांगली आहे, एवढंच त्यात कळतं आणि चांगुलपणाचं चित्रीकरण करता येत नाही. व्यवहाराचं करता येतं. म्हणून पटकथा लिहायला बसताना आधी हिशेब मांडावा: हार गेला, तर या बाईचं नेमकं काय गेलं?

ही बाई दादरला बसते असं धरू. स्टेशनच्या पश्चिमेला, मीनाताई ठाकरे फूलबाजाराच्या आसपास. अजून अंधार असतानाच तिथे झेंडूची, शेवंतीची पोती उतरतात, घासाघीस सुरू होते. सुटी फुलं घेऊन हार करून विकणाऱ्या बायकांचा दिवस तेव्हाच सुरू झालेला असतो. आपल्या फूलवालीने, तिला यमुना म्हणू, मोगऱ्याचा एक लांब हार रात्रीच करून ठेवला आहे. लग्नाची ऑर्डर आहे, सहा वाजता पोरगा न्यायला येणार. आणि अजून भवानी झालेली नाही. पहिलं गिऱ्हाईक रोख पैसे देऊन गेल्याशिवाय उधार नाही, फुकट तर नाहीच, हा रस्त्यावर धंदा करणाऱ्या कितीतरी जणांचा नेम. म्हणजे हार दिला तर ऑर्डर मोडते आणि नेमही मोडतो. आता गोष्टीला वजन आलं.

‘सर्वांत चांगला’ हे मात्र कागदावर लिहून भागत नाही, पडद्यावर ते दिसावं लागतं. मोगरा संध्याकाळी उमलतो, त्यामुळे पहाटेच्या चांगल्या हारात घट्ट मिटलेल्या, एकसारख्या कळ्या असतात. यमुना पाटीतल्या कळ्या बोटांनी चाचपते, सैल पडलेली कळी बाजूला टाकते, टपोरी तेवढीच सुईत घेते, असं सुरुवातीलाच अर्धा मिनिट दाखवलं की पुढे कुणाला काही सांगावं लागत नाही. पुरा झालेला हार ती ओल्या फडक्याखाली वेगळा ठेवते आणि झेंडूचे हार मात्र बांबूला उघडेच लटकतात. प्रेक्षक एवढ्यावरून प्रतवारी लावतो.

अनोळखी माणसाचं काम याहून अवघड. तो येतो आणि आपलं दुःख सांगतो, ही सगळ्यात सोपी आणि सगळ्यात वाईट वाट. इथे चॅप्लिन आठवतो. ‘सिटी लाइट्स’मध्ये (१९३१) आंधळ्या फूलवालीला हा भणंग माणूस श्रीमंत वाटायला हवा होता आणि चित्रपटात संवाद तर नव्हते. चॅप्लिन त्या एका प्रसंगावर फार काळ अडून बसला, तीनशेहून जास्त वेळा तो चित्रित झाला असं सांगतात. शेवटी उत्तर सापडलं ते मोटारीच्या दारात. वाहनांची गर्दी चुकवायला हा माणूस उभ्या मोटारीतून आरपार जातो, दार धाडकन लागतं आणि त्या आवाजावरून मुलगी स्वतःच निष्कर्ष काढते. माहिती द्यायची ती वस्तूतून, आणि पात्रालाच ती वाचू द्यायची. आपल्या माणसाच्या हातातही अशी एक वस्तू हवी. इस्पितळातून नातेवाइकांच्या हाती सोपवली जाते तशी पारदर्शक पिशवी असेल, तर?

बाह्य. दादर, फूलबाजार. पहाट.

दिव्याखाली यमुना (५५) झेंडू ओवते आहे. एक माणूस (४०) समोर येऊन थांबतो. शर्ट चुरगळलेला. हातात पारदर्शक पिशवी, पिशवीत हिरव्या बांगड्या.

माणूस: मावशी, मोगऱ्याचा हार आहे?

यमुना (मान वर न करता): देवाला का?

माणूस गप्प. यमुना वर बघते. मग पिशवीकडे. सुई थांबते. ती फडकं बाजूला करते, हार काढते, केळीच्या पानात गुंडाळून देते. माणूस खिसा चाचपतो.

यमुना: राहू दे, दादा.

तो जातो. शेजारची फूलवाली हे बघते आहे.

शेजारीण: बरं केलंस. मयताच्या पैशानं भवानी कशाला?

यमुना बोलत नाही. कळ्यांची पाटी पुढे ओढते.

माझ्या मते पटकथेचा जीव शेजारणीच्या वाक्यात आहे. त्या वाक्याआधी प्रेक्षकाला वाटत होतं की बाईने दया केली. आता शंका येते, की अपशकुन टाळला? पैसे घेतले नाहीत याचे दोन अर्थ होतात, आणि यमुना त्यातला एकही कबूल करत नाही. “अगं, माणुसकी म्हणून दिला,” असं ती म्हणाली, की सिनेमा तिथेच संपला आणि भाषण सुरू झालं. शंकेचं उत्तर द्यायचंच तर ते कृतीतून यावं. नुसता अपशकुन टाळायचा असता तर झेंडूचा हारही देता आला असता, तिने ऑर्डरचा दिला. हे प्रेक्षकाच्या लक्षात आलं तर आलं. पुढच्या दृश्यात सहा वाजता पोरगा येतो, नवा हार अर्धाच झालेला, तो कटकट करतो आणि भाव पाडून मागतो. तिने त्यालाही काही सांगू नये.

लांबीचा अंदाज घेताना पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचा एक मिनिट, हा ठोकताळा सांगितला जातो. ठरावीक मांडणीतल्या, टंकलिखित पानासाठी तो बराचसा बरोबर आहे. इथे मात्र शब्द कमी आणि हातांचं काम जास्त. ‘सुई थांबते’ हे दोन शब्द पडद्यावर पाच सेकंद घेतील. घड्याळ लावून प्रसंग प्रत्यक्ष करून पाहावा. वरचं दृश्य पानात सहज मावतं, पण चालेल दोन मिनिटांच्या आसपास.

शीर्षकात ‘पहाट’ लिहिणं सोपं, मिळवणं महाग. मुंबईत सूर्योदयाआधीचा तो निळसर उजेड जेमतेम वीस-बावीस मिनिटं टिकतो. मे महिन्यात, म्हणजे मोगऱ्याच्या मोसमात, सहाच्या आधीच तो सुरू होतो. सगळी गोष्ट त्या उजेडात लिहिली तर आठवडाभर रोज पहाटे येऊन बसावं लागेल. जाणता लेखक कळ्या निवडणं, ओवणं, ऑर्डरची आठवण हे सगळं रात्रीत, दिव्याखाली लिहितो. ते कधीही चित्रित करता येतं. निळ्या उजेडासाठी तो एवढंच राखतो: माणूस येतो, हार घेतो, गर्दीत मिसळतो. चालू बाजारात चित्रीकरणाची परवानगी काढावी लागते, आणि गोणी वाहणारे हमाल कॅमेऱ्यासाठी थांबत नाहीत. म्हणून दृश्यात पात्रं जितकी कमी तितकं बरं.

राहिला हार. एक दृश्य पाच-सहा वेळा घ्यावं लागतं आणि दर वेळी हार तसाच ताजा, तेवढ्याच लांबीचा हवा. हाताळून कळ्या काळपट पडतात आणि उष्ण दिव्यांजवळ लवकर मलूल होतात. निर्मिती सांभाळणाऱ्याने एकाच मापाचे चार-पाच हार आदल्या रात्री सांगून ठेवावेत आणि जवळून टिपायची दृश्यं आधी उरकावीत. पटकथेत हे प्रसंग डिसेंबरात घडतात असं लिहिलं असेल, तर मोगरा कमी आणि महाग मिळणार. ते खर्चाच्या कागदावर तर येतंच, पण यमुनाच्या तोट्यातही धरायला हवं.