माध्यमिक स्तरावरील इंग्रजीची तोंडी परीक्षा

माध्यमिक स्तरावरील इंग्रजीची तोंडी परीक्षा ही विद्यार्थ्याची इंग्रजीतून बोलण्याची क्षमता प्रत्यक्ष बोलण्यावरून मोजणारी परीक्षा होय. महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांत इंग्रजी ही तृतीय भाषा आहे. महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या दहावीच्या परीक्षेत भाषा विषयांना ८० गुणांची लेखी परीक्षा आणि शाळेने घ्यावयाचे २० गुणांचे अंतर्गत मूल्यमापन अशी विभागणी असून, तोंडी परीक्षा या दुसऱ्या भागात मोडते. तिचे प्रश्न शाळेतील शिक्षकच काढतात व गुणही तेच देतात. प्रस्तुत लेखात यवतमाळ जिल्ह्यातील कळंब येथील मराठी माध्यमाचा दहावीचा वर्ग डोळ्यांसमोर ठेवून, बोलण्याच्या १० गुणांच्या चाचणीची रचना सांगितली आहे. ही विभागणी उदाहरणादाखल आहे. शाळेने मंडळाच्या चालू सूचनांप्रमाणे ती बदलून घ्यावी.

पार्श्वभूमी

राज्यात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकविली जाऊ लागली. त्यामुळे दहावीतील विद्यार्थ्याने ही भाषा दहा वर्षे ऐकलेली व वाचलेली असते. बोललेली मात्र क्वचितच असते. शाळांतील अंतर्गत गुण सढळ हाताने दिले जातात, हा आक्षेप जुना आहे. २०१८-१९ या शैक्षणिक वर्षात दहावीच्या भाषा विषयांचे अंतर्गत गुण काढून लेखी परीक्षा १०० गुणांची करण्यात आली. मार्च २०१९ च्या परीक्षेचा निकाल ७७.१० टक्के लागला. आदल्या वर्षी तो ८९.४१ टक्के होता. त्याच वर्षी दहावीचा अभ्यासक्रमही बदलला असल्याने ही सारी घट तोंडी परीक्षेच्या खात्यावर मांडता येत नाही. पुढील वर्षापासून अंतर्गत मूल्यमापन पुन्हा सुरू झाले. या दोन टोकांच्या मध्ये एक प्रश्न राहून गेला. वर्गातील जवळजवळ सर्वांना १८ किंवा १९ गुण मिळत असतील, तर खरोखर बोलू शकणारा मुलगा आणि पाठ केलेला उतारा म्हणून दाखविणारा मुलगा यांत परीक्षा भेदच करीत नाही. हा दोष तोंडी परीक्षेचा नसून तिच्या रचनेचा आहे.

न्याय्य प्रश्न

प्रश्न न्याय्य आहे याचा अर्थ, त्याचे उत्तर देण्यासाठी इंग्रजीखेरीज दुसरे काही जवळ असावे लागत नाही. थंड हवेच्या ठिकाणच्या सहलीचे वर्णन करावयास सांगितले, तर जो कधी सहलीला गेला नाही त्याचे गुण भाषेमुळे नव्हे, घरच्या परिस्थितीमुळे जातात. आवडता सण किंवा आवडता नेता हे विषय वरवर सोपे वाटतात. परंतु त्यांवरचे निबंध बाजारातील मार्गदर्शक पुस्तकांत तयार असल्याने तेथे स्मरणशक्तीची परीक्षा होते.

विषय स्थानिक घेतला की तो आपोआप न्याय्य ठरतो, असाही एक समज आहे. कळंबच्या विद्यार्थ्याला तेथील चिंतामणी मंदिराविषयी बोलावयास सांगणे स्वाभाविक वाटते. पण मंदिराची व कुंडाची आख्यायिका ज्याने घरी ऐकली आहे तो पुढे जातो आणि आसपासच्या पोडांवरून, तांड्यांवरून येणारा विद्यार्थी मागे पडतो. या भागात कोलामी, गोंडी किंवा बंजारा बोली घरी बोलणारी मुले असतात. त्यांच्यासाठी इंग्रजी ही पुष्कळदा चौथी भाषा असते. म्हणून ज्याला माहिती लागते असा विषय टाळून, ज्याला केवळ अनुभव लागतो आणि तो अनुभव प्रत्येकाजवळ असतो, असा विषय घ्यावा. गर्दीचे ठिकाण, घरातील स्वतः केलेले काम, बिघडलेली व दुरुस्त केलेली वस्तू, पावसामुळे फिसकटलेला बेत, हे असे विषय आहेत.

प्रत्येक कार्डावर एक विषय व त्याच्या तीन शाखा असाव्यात. गर्दीच्या ठिकाणाचे कार्ड असे होईल: तुमच्या गावातील एक गर्दीचे ठिकाण निवडा व लोक तेथे काय करतात ते सांगा, तुम्ही तेथे शेवटचे गेलात तेव्हा काय घडले ते सांगा, तेथे एक बदल करावयाचा झाल्यास कोणता व का, ते सांगा. पहिल्या शाखेला वर्तमानकाळ लागतो, दुसरीला भूतकाळ आणि तिसरीला कारण देणारे वाक्य. उरलेल्या सर्व कार्डांवर विषय बदलतो, शाखांची मागणी तीच राहते. कार्डे परस्परांशी तुल्य ठरतात ती यामुळेच. सूचना इंग्रजीत असल्या तरी परीक्षकाने त्या मराठीतही एकदा सांगाव्यात. अन्यथा कार्ड वाचता न आल्याने मूल गप्प राहते आणि वाचनाचा दोष बोलण्याच्या रकान्यात नोंदला जातो.

कार्डे सहा ते आठ असावीत, कारण पहिला विद्यार्थी खोलीबाहेर पडताच प्रश्न व्हरांड्यात पोहोचतो. ती आधी नववीतील काही विद्यार्थ्यांवर वापरून पाहावीत. निरनिराळ्या कुवतीची मुले एखाद्या कार्डावर दोन वाक्यांतच थांबत असतील, तर दोष कार्डाचा समजून ते बाद करावे.

परीक्षेचा क्रम

एका विद्यार्थ्याला सुमारे पाच मिनिटे पुरतात. आरंभी अर्धा मिनिट ओळखीचे बोलणे, त्याला गुण नाहीत; मग विचार करण्यास एक मिनिट, कार्डावर दीड ते दोन मिनिटे बोलणे आणि शेवटी त्याच विषयावर दोन उपप्रश्न. पन्नास विद्यार्थ्यांना अडीचशे मिनिटे, म्हणजे चाळीस मिनिटांच्या सहा-सात तासिका लागतात. हा वेळ वेळापत्रकात आधी राखून ठेवावा लागतो. तसे न केल्यास शेवटच्या दिवशी हजेरीच्या क्रमाने गुण भरले जातात, हे शिक्षकवर्गाला ठाऊक आहे.

मूल अडखळले असता कोणी परीक्षक धीर देतो, कोणी शब्द पुरवितो, कोणी पुढचा प्रश्न विचारतो. हा फरक गुणांत उतरू नये म्हणून मदतीचा क्रम लिहून ठेवावा: दहा सेकंद थांबणे, तोच प्रश्न सावकाश पुन्हा विचारणे, मग त्याचे सोपे रूप विचारणे. तिसऱ्या पायरीची मदत लागल्यास आशयाचा एक गुण कमी करावा. प्रश्न पुन्हा सांगण्याची विनंती विद्यार्थ्याने स्वतः इंग्रजीतून केली, तर ती मदत समजू नये; तेही संभाषणच आहे.

गुणदान

एकूण छाप पाहून दहापैकी गुण देण्याच्या पद्धतीत नीटनेटका गणवेश, खणखणीत आवाज आणि वर्गातील लौकिक हेही गुण मिळवितात. चार निकष वेगळे केल्याने हा परिणाम पुष्कळ कमी होतो. आशयाला ३, ओघ व प्रतिसादाला ३, शब्द व वाक्यरचनेला ३ आणि उच्चारांच्या सुबोधतेला १ गुण ठेवता येतो.

निकषाचे वर्णन कानाला ऐकू येईल अशा गोष्टींचे असावे. 'ओघ चांगला' हे वर्णन नव्हे. ओघाचे ३ गुण तेव्हा, जेव्हा विद्यार्थी अडला तरी स्वतःच वाक्य पुढे नेतो आणि उपप्रश्नांना पूर्ण वाक्यांत उत्तर देतो. दीर्घ विराम आहेत, पण मदतीशिवाय बोलणे पूर्ण होते आणि उपप्रश्न समजलेला दिसतो, तेथे २. प्रत्येक वाक्यासाठी प्रश्न विचारावा लागतो, तेथे १. शब्द व वाक्यरचनेत बहुतेक साधी वाक्ये बिनचूक व जोडलेली असल्यास ३. चुका आहेत, पण कोणी काय केव्हा केले हे कळते, तेथे २. सुटे शब्दच ऐकू येत असल्यास १. आशयाचे गुण उत्तर दिलेल्या शाखांच्या संख्येइतके.

उच्चारांना एकच गुण ठेवण्याचे कारण आहे. इंग्रजीतील व्ही आणि डब्ल्यू यांचे भिन्न ध्वनी मराठी भाषक एकाच 'व'ने उच्चारतो, शिप आणि शीप यांत गल्लत करतो. यामुळे ऐकणाऱ्याचा गोंधळ क्वचितच होतो. शब्द ओळखू येत असेल तर गुण द्यावा. वऱ्हाडी हेल हा दोष नाही.

एक उदाहरण

पुढील दोन्ही उत्तरे कल्पित आहेत. पहिली विद्यार्थिनी आठवडी बाजार निवडते आणि थांबत थांबत म्हणते: "एव्हरी वीक मार्केट इज फुल. पीपल बाय व्हेजिटेबल्स. लास्ट वीक आय गो विथ माय मदर. वन मॅन से हाय प्राइस. माय मदर से नो. ही... ही मेक लेस." कोणता बदल हवा, यावर ती सांगते: "आय वाँट रूफ, बिकॉज इन रेन ऑल पीपल रन." दोन्ही उपप्रश्नांना ती लहान, पण समर्पक उत्तरे देते.

तिन्ही शाखा पूर्ण झाल्याने आशयाचे ३. विराम आहेत, मदत लागली नाही, म्हणून ओघाचे २. भूतकाळाचे एकही रूप बरोबर नाही. तरी 'लास्ट वीक' या शब्दांमुळे काळ कळतो, म्हणून रचनेचे २. भाव कमी केला यासाठी शब्द न सुचल्याने तिने 'मेक लेस' असा मार्ग काढला. भाषा वापरणारा माणूस हेच करतो, आणि व्याकरणाच्या चुका मोजत बसलेल्या परीक्षकाच्या हातून नेमके हेच निसटते. उच्चारांचा १ धरून एकूण ८.

दुसरा विद्यार्थी त्याच कार्डावर सणांच्या महतीचा पाठ केलेला उतारा एकही चूक न करता म्हणतो आणि लोक सणासाठी बाजारात गर्दी करतात, एवढ्या एका वाक्याने तो विषयाला जोडतो. शेवटचे केव्हा गेला होतास, असे विचारताच तो "येस सर" म्हणून थांबतो. सोप्या रूपातील प्रश्नालाही सुटे शब्दच येतात. एका शाखेस ओझरता स्पर्श झाल्याने आशयाचा गुण १ होतो, पण तिसऱ्या पायरीची मदत लागल्याने तो शून्यावर येतो. ओघाचा १, उच्चारांचा १. रचनेचे गुण केवळ प्रश्नाशी संबंधित बोलण्यावर द्यावयाचे असल्याने तेथेही १. एकूण ३. केवळ छाप पाहून गुण दिले असते, तर हा विद्यार्थी बहुधा पहिलीच्या पुढे गेला असता. म्हणूनच उपप्रश्न कार्डावर छापू नयेत. विद्यार्थ्याने जे सांगितले त्यातूनच ते काढावेत.

पडताळणी

एकाच शिक्षकाचे मोजमाप सकाळी व दुपारी सारखे राहत नाही. उत्तम बोलणाऱ्यानंतर आलेला मध्यम विद्यार्थी कच्चा वाटतो. परीक्षेपूर्वी दोन शिक्षकांनी नववीच्या चाचणीतील तीन-चार ध्वनिमुद्रणे ऐकून स्वतंत्रपणे गुण द्यावेत आणि फरक पडलेल्या निकषाचे शब्द दुरुस्त करावेत. मुद्रण मोबाइलवर होते. त्यासाठी पालकांची संमती घ्यावी आणि गुण कायम झाल्यावर ते पुसून टाकावे. परीक्षा झाल्यावर जास्त, मध्यम व कमी गुणांची प्रत्येकी दोन मुद्रणे दुसऱ्या शिक्षकाने पहिले गुण न पाहता तपासावीत. एका गुणाचा फरक चालतो. दोन किंवा अधिक गुणांचा फरक एकाहून जास्त मुद्रणांत आढळला, तर सरासरी काढून तो मिटवू नये. ज्या निकषावर मतभेद आहे त्या निकषाचे सर्वांचे गुण मुद्रणावरून पुन्हा द्यावेत.