छोटा आकडा, मोठी बटणे

अँड्रॉइड फोनवरचे एखादे बटण पडद्यावर किती जागा घेणार, हे घनतेच्या एका आकड्यावरून ठरते. ॲप तयार करणारा बटणाचे माप पिक्सेलमध्ये देत नाही, डीपी नावाच्या एककात देतो. घनता 160 असेल तर एक डीपी म्हणजे एक पिक्सेल. घनता वाढली की त्याच एका डीपीला जास्त पिक्सेल लागतात आणि बटण मोठे दिसते.

1080 पिक्सेल रुंद आणि 2400 पिक्सेल उंच पडद्याचा, 420 घनतेचा फोन उदाहरणादाखल घेता येईल. बोटाने नीट दाबता यावे म्हणून बटण निदान 48 डीपीचे असावे, असा अँड्रॉइडचा संकेत आहे. या फोनवर ते 126 पिक्सेलचे होते. साडेसहा इंची पडद्यावर ते सुमारे आठ मिलिमीटर भरते, म्हणजे अंगठ्याला पुरेसे.

सेटिंग्जमधली `Display size` ही पट्टी सरकवली की हीच घनता बदलते. अँड्रॉइड 7 पासून, म्हणजे 2016 पासून, ही सोय आहे. काही कंपन्यांच्या फोनवर तिचे नाव `Screen zoom` असते. `Font size` ही वेगळी पट्टी असून ती फक्त अक्षरांना हात लावते. त्यामुळे तक्रार आली की आधी एवढे पाहावे: अक्षरेच मोठी झाली आहेत, की आयकॉन आणि बटणेही फुगली आहेत? अक्षरेच मोठी असतील तर दोष घनतेचा नाही. सगळेच मोठे झाले आहे, पडद्याचा काही भाग कडेबाहेर गेला आहे आणि दोन बोटांनी ओढल्यावर तो दिसतो, असे असेल तर कोणाच्या तरी हातून भिंग चालू झालेले असते. ते `Accessibility` मध्ये जाऊन बंद करावे लागते. घनता कितीही बदलली तरी पडदा कडेबाहेर जात नाही. मांडणी उपलब्ध जागेत नव्याने बसवली जाते.

डेव्हलपर पर्यायांमधले `Smallest width`, काही फोनवर `Minimum width`, तीच घनता उलट्या बाजूने विचारते. पडद्याची आखूड बाजू किती डीपीची मानायची, एवढेच तिथे लिहायचे असते. आखूड बाजूच्या पिक्सेलना 160 ने गुणून घनतेने भागले की ही रुंदी मिळते. वरच्या फोनवर 1080 गुणिले 160 भागिले 420, म्हणजे 411 डीपी. बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो, कारण हा आकडा भाजकात जातो. तो वाढवला की पडद्यावर जास्त डीपी मावतात, म्हणून प्रत्येक वस्तू लहान होते. तो कमी केला की वस्तू मोठी होते. 'मोठे दिसावे' म्हणून मोठा आकडा लिहिणाऱ्याला नेमके उलटे फळ मिळते.

या चुकीचे नेहमीचे रूप असे. फोनचा पडदा 1080 पिक्सेल रुंद आहे हे ठाऊक असलेला माणूस रुंदीच्या चौकटीत 1080 लिहितो. फोन तो आकडा डीपी समजतो आणि घनता थेट 160 वर येते. 48 डीपीचे बटण आता 48 पिक्सेलचे, म्हणजे जेमतेम तीन मिलिमीटरचे राहते. शिवाय 600 डीपी ओलांडल्यामुळे बरीच ॲप्स समोर टॅब्लेट आहे असे धरून चालतात. अँड्रॉइड 12L आणि त्यापुढच्या आवृत्त्यांत खाली टास्कबार येऊ शकतो, सेटिंग्ज दोन रकान्यांत उघडू शकतात. फोनवर अचानक असा टॅब्लेटचा थाट दिसला, तर कोणीतरी हा आकडा 600 च्या वर नेला आहे असे खुशाल समजावे.

खालच्या बाजूला मात्र कुंपण आहे. चौकटीत 320 पेक्षा कमी काहीही लिहिले तरी मूळ अँड्रॉइड ते 320 धरते. उदाहरणातल्या फोनवर त्याने घनता 540 होते आणि तेच बटण दहा मिलिमीटरचे बनते. फोन बोजड दिसतो, पण वापरता येतो. वरच्या बाजूला घनता 120 च्या खाली जात नाही एवढीच अट आहे. या फोनवर ती 1440 डीपीशी लागू होते, म्हणजे मजकूर वाचता येईनासा झाल्यावर खूप उशिरा. ज्येष्ठ मंडळींसाठी फोन मोठा करून देताना हात चुकला तरी निभावते. एका नजरेत जास्त मजकूर मावावा म्हणून लहान करताना जपायला हवे.

पट्टीला दोन्ही बाजूंनी लगाम असतो. सर्वांत लहान पायरी मूळ घनतेच्या साधारण 85 टक्क्यांवर थांबते आणि सर्वांत मोठी पायरी 320 डीपीच्या पलीकडे जात नाही. काही फोनवर पट्टी टोकापर्यंत नेली तरी फारसा फरक का पडत नाही, याचे उत्तर यातच आहे. कारखान्यातूनच 360 डीपीवर आलेल्या फोनला 320 पर्यंत वाढायला जागाच थोडी असते. तिथे `Smallest width` ने आणखी मोठे करण्याचा खटाटोप व्यर्थ ठरतो, कारण अडसर दोन्हीकडे तोच आहे. अशा वेळी `Font size` वाढवणे हाच खरा उपाय; अँड्रॉइड 14 मध्ये अक्षरे दुपटीपर्यंत मोठी करता येतात.

पट्टी आणि चौकट एकाच जागी लिहितात, म्हणून शेवटचा बदल टिकतो. चौकटीत 440 लिहिल्यावर पट्टीच्या पानावर `Custom` असा शब्द दिसतो. तिथे पट्टी जराशी हलवली की 440 पुसले जाते. हीच गोष्ट दुरुस्तीच्या कामी येते. मूळ आकडा आठवत नसेल तर डेव्हलपर पर्याय शोधत बसू नये. पट्टी `Default` वर आणावी, घनता आपोआप जागेवर येते. नवीन आकडा ठरवताना मूळ आकड्यापासून वीस-तीस डीपीच सरकावे आणि मूळ आकडा आधी कागदावर लिहून ठेवावा. 411 वरून 440 वर गेल्यास वस्तू सुमारे सात टक्के लहान होतात, आणि तेवढा फरक डोळ्यांना लगेच जाणवतो.

डेव्हलपर पर्याय उघडण्यासाठी `About phone` मधल्या `Build number` वर सात वेळा टिचकी मारावी लागते. भारतातील काही बँकांची ॲप्स हे पर्याय चालू असताना उघडत नाहीत, म्हणून काम झाल्यावर ते बंद करावेत. मात्र ते बंद केल्याने किंवा फोन पुन्हा सुरू केल्याने बिघडलेली मांडणी सुधारेल असे धरून चालू नये. बदललेली घनता फोनमध्ये साठवलेली असते.

पडदा इतका बारीक झाला की सेटिंग्जही दाबता येत नाहीत, तर संगणक मदतीला येतो. त्यासाठी फोनवर `USB debugging` आधीच चालू असावे आणि त्या संगणकाला परवानगी दिलेली असावी. ही तयारी प्रयोगापूर्वीच करायची असते. फोन केबलने जोडून ही आज्ञा दिली की मूळ घनता आणि वरून लादलेली घनता दोन्ही दिसतात:

```
adb shell wm density
```

1080 लिहून बसलेल्या फोनवर उत्तर असे येते:

```
Physical density: 420
Override density: 160
```

दुसरी ओळच नसेल तर घनता बदललेली नाही आणि कारण दुसरीकडे शोधावे लागते. ती असेल तर पुढची आज्ञा तिला काढून टाकते आणि पडदा त्याच क्षणी पूर्ववत होतो:

```
adb shell wm density reset
```

होमस्क्रीनवरचे विजेट मात्र लहान-मोठ्या मांडणीच्या फेऱ्यात कधी कधी जागा सोडतात. ते हातानेच पुन्हा बसवावे लागतात.