शिळं, पण चालणारं

शुक्रवारी रात्री अकरा वाजता डेटाबेसच्या मशिनची डिस्क भरली आणि डेटाबेसने काम थांबवलं. आमचं ॲप कोसळलं ते शनिवारी रात्री अकरा वाजून एक मिनिटाने. मधले चोवीस तास लोक ॲप उघडत होते, वेगवेगळ्या बाजार समित्यांचे कांद्याचे भाव बघत होते आणि पान पटकन उघडतंय म्हणून खूषही होते. आमच्या निगराणीच्या फलकावर सगळे दिवे हिरवे होते.

शनिवारी दुपारी एका शेतकऱ्याने हेल्पलाइनला फोन करून विचारलं होतं, "आजचा भाव कालचाच कसा?" फोनवरच्या मुलाने सांगितलं, "दादा, आज लिलाव झाले नसतील." लिलाव तर झाले होते.

मी तेव्हा एका छोट्या कंपनीत बाजारभावाच्या या ॲपचं सर्व्हरचं काम बघायचो. शनिवारी पावणेअकराला मी एक किरकोळ बदल चढवला होता, त्यामुळे पंधरा-सोळा मिनिटांत सगळं कोसळल्यावर संशय साहजिकच त्याच्यावर गेला. तासभर तो बदल मागे घेण्यात गेला आणि उपयोग शून्य. खरं कारण एक दिवस आधीचं होतं, आणि ते एक दिवस झाकून ठेवलं होतं मीच कौतुकाने लिहिलेल्या एका ओळीने:

```
Cache-Control: max-age=60, stale-while-revalidate=300, stale-if-error=86400
```

ही ओळ सर्व्हरच्या उत्तरासोबत जाते आणि वाटेतल्या कॅशसाठी असते. (ही कॅश पैशाची नव्हे. उच्चार तोच असल्यामुळे आमच्या हिशेबनिसांचा दर वेळी गोंधळ व्हायचा.) लोकांचे फोन आणि आमचा बॅकएंड यांच्यामध्ये nginx नावाचा सर्व्हर बसवलेला होता. तो बॅकएंडकडून एकदा उत्तर आणायचा, त्याची प्रत जवळ ठेवायचा आणि पुढच्या शेकडो लोकांना तीच द्यायचा. प्रत किती वेळ ताजी समजायची हे max-age सांगतं. इथे ते ६० सेकंद होतं.

साठ सेकंद उलटले की प्रत शिळी होते. साध्या कॅशमध्ये यानंतर जो पहिला येईल त्याला थांबवलं जातं. कॅश बॅकएंडकडे जाते, नवं उत्तर आणते आणि मग त्याला देते. बॅकएंड नीट असेल तर हे थांबणं सेकंदाच्या आत संपतं, पण तो आजारी असेल तर या माणसाच्या हाती चुकीचा संदेश पडतो. आणि हे सगळं होत असताना जेमतेम मिनिटभर जुनी, अगदी खाण्याजोगी प्रत शेजारीच पडलेली असते.

शिळ्या पोळीचा कुस्करा करणाऱ्या घरात वाढलेल्याला हे पटणं अवघडच. मार्क नॉटिंगहॅम यांनाही पटलं नसावं. ते याहूमध्ये असताना त्यांनी मे २०१० मध्ये आरएफसी ५८६१ हा छोटासा दस्तऐवज लिहिला आणि त्यात शिळ्या उत्तराच्या दोन सवलती मांडल्या. दोन्हींची नावं सारखी वाटतात, पण त्या लागू होण्याची कारणं वेगळी आहेत, आणि माझी गफलत तिथेच झाली.

पहिली stale-while-revalidate. सकाळी नऊला एक प्रत साठवली असं धरू. नऊ वाजून एक मिनिटापर्यंत ती ताजी. त्यानंतर वीस सेकंदांनी कुणी आलं, तर कॅश शिळी प्रत त्याच्या हातात लगेच ठेवते आणि त्याच्या पाठीमागे बॅकएंडकडे नवी मागते. सेकंदाभरात नवी प्रत येते आणि नंतर येणाऱ्याला ती मिळते. वाट कुणालाच बघावी लागत नाही. आमच्या ओळीत ही मुभा ३०० सेकंदांची, म्हणजे नऊ वाजून सहा मिनिटांपर्यंत होती. या वेळात कुणी फिरकलंच नाही, तर सहानंतर येणाऱ्या पहिल्याला मात्र थांबावं लागतं, कारण कॅश आपणहून उठून काही आणत नाही. गर्दीच्या पानांना ही सवलत छान लागू पडते, आडगावच्या समितीच्या पानाला फारशी नाही.

nginx मध्ये इथे एक खाच आहे. `proxy_cache_background_update on;` लिहिलं नसेल, तर ज्याच्या येण्याने नवी प्रत मागवली जाते तो पहिला माणूस थांबतोच. बाकीच्यांना तेवढ्या वेळात शिळी मिळते.

दुसरी सवलत stale-if-error. हिच्यात कॅश आधी बॅकएंडकडे जाते आणि तिकडून चूक आली तरच शिळी प्रत बाहेर काढते. चूक म्हणजे काय हेही आरएफसीत सांगितलंय: ५००, ५०२, ५०३ किंवा ५०४ हा आकडा आला तर. बॅकएंडपर्यंत पोहोचताच आलं नाही, तरी कॅश तेच करते. शिळासप्तमीला चूल पेटवायची नसते म्हणून आदल्या दिवशीचं रांधलेलं खातात, तसंच हे. फरक इतकाच, की शिळासप्तमी पंचांगात आधी कळते.

दोन्ही मुदती एकाच क्षणापासून मोजतात, प्रत शिळी झाली त्या क्षणापासून. एक संपल्यावर दुसरी सुरू होत नाही. आमची शेवटची चांगली प्रत शुक्रवारी रात्री अकराची. ती शिळी झाली अकरा वाजून एक मिनिटाने. त्यापुढे ८६,४०० सेकंद, म्हणजे बरोबर चोवीस तास, दर वेळी बॅकएंडकडून ५०० येत होतं आणि कॅश मुकाट्याने जुनी प्रत वाढत होती. शनिवारी अकरा वाजून एक मिनिटाने मुदत संपली आणि ५०० थेट लोकांच्या फोनवर गेलं. माझ्या पावणेअकराच्या बदलाचा याच्याशी काडीचा संबंध नव्हता.

निगराणी गप्प राहिली, कारण ती ग्राहकांच्याच दारातून, म्हणजे कॅशमधूनच, दर मिनिटाला पान मागत होती. तिलाही शिळी प्रत मिळत होती, वर २०० हा सगळं ठीक असल्याचा आकडा. खरं तर उत्तरातच पुरावा होता. शनिवारी दुपारी कुणी बॅकएंडचा लॉग उघडला असता तर ५०० ची रांगच दिसली असती. आम्ही nginx ला `$upstream_cache_status` लॉगमध्ये लिहायला सांगितलं असतं, तर HIT च्या जागी STALE दिसलं असतं. अनेक कॅश उत्तरासोबत Age हा मथळाही पाठवतात. त्यात उत्तराचं वय सेकंदांत असतं, आणि Age हे max-age पेक्षा मोठं दिसलं की उत्तर शिळं आहे हे उघड होतं. आरएफसी ९१११ येण्याआधी शिळ्या उत्तरावर Warning नावाची वेगळी चिठ्ठी चिकटवायची पद्धत होती. २०२२ मध्ये ती मोडीत काढली. फारसं कुणी ती वाचत नव्हतं, तरी मला तिची थोडी हळहळ वाटते.

एका गोष्टीत मात्र आम्ही नशीबवान ठरलो. nginx च्या `proxy_cache_path` मध्ये inactive नावाचा एक आकडा असतो आणि न लिहिल्यास तो दहा मिनिटांचा धरला जातो. दहा मिनिटांत ज्या प्रतीला कुणी हात लावला नाही ती ताजी असो वा शिळी, फेकून दिली जाते. म्हणजे वरच्या ओळीत चोवीस तास लिहूनही रात्री कुणी न पाहिलेली पानं दहा मिनिटांत गेली असती, आणि जी प्रत नाहीच ती शिळी म्हणून तरी कुठून वाढणार? आम्ही हा आकडा दोन दिवसांचा ठेवला होता, तोही कुणाच्या तरी सांगण्यावरून, कारण न समजता.

आमचा डेटाबेस सरळ बंद पडला आणि चुका लगेच येऊ लागल्या, हेही एका अर्थी बरंच झालं. याहून वाईट असतो लटकलेला बॅकएंड. तो चूक सांगत नाही, नुसता गप्प बसतो. मग stale-if-error ला वाट बघावी लागते, कारण चूक झाली हेच अजून ठरलेलं नसतं. nginx अशा वेळी काही न सांगितल्यास साठ सेकंद थांबतो. ग्राहक साठ सेकंद फिरतं चाक बघतो आणि मग त्याला शिळी प्रत मिळते, तोवर तो बहुधा ॲप बंद करून गेलेला असतो. म्हणून ही सवलत लावायची तर `proxy_read_timeout` दोन-तीन सेकंदांवर आणावा लागतो. दुसरा उपाय म्हणजे stale-while-revalidate ची मुदत लांबवायची. तिथे शिळी प्रत आधी हातात पडते आणि लटकणं पडद्यामागे राहतं.

त्याहूनही फसवा बॅकएंड तो, जो चूक झाल्यावरही २०० पाठवतो आणि आत "माहिती उपलब्ध नाही" किंवा रिकामी यादी ठेवतो. कॅशच्या दृष्टीने हे ताजं, चांगलं उत्तर. ती आधीची खरी प्रत टाकून देते आणि हे जपून ठेवते. यावर कॅशकडे इलाज नाही. बॅकएंड लिहिणाऱ्यानेच अशा वेळी प्रामाणिकपणे ५०३ पाठवायला हवं.

उलट्या दिशेची चूकही पाहिली आहे. कुठूनतरी उचललेल्या ओळीच्या शेवटी must-revalidate चिकटलेलं असतं. त्याचा अर्थ शिळं कधीही द्यायचं नाही, म्हणजे आधीच्या दोन्ही सवलती रद्द. मधल्या, सगळ्यांच्या सामाईक कॅशसाठी s-maxage लिहिलं तरी नियमांनुसार तोच परिणाम होतो, जरी सगळ्या कॅश तो काटेकोर पाळत नाहीत. ब्राउझरचंही असंच थोडंफार वेगळं आहे. क्रोम आणि फायरफॉक्सने २०१९ मध्ये stale-while-revalidate घेतलं, पण stale-if-error साठी ब्राउझरच्या भरवशावर राहू नये. ते मधल्या कॅशचं काम.

सोमवारी आम्ही बसलो तेव्हा खरा वाद आकड्यांवर झाला. चोवीस तास मी ठरवले होते, कारण ८६,४०० हा ओळखीचा आकडा होता. दुसरं काहीच कारण नव्हतं. भाव चोवीस तास जुना चालत नाही, कारण त्याच्यावर विसंबून माणूस ट्रॅक्टर भरून निघतो. बाजार समित्यांचे पत्ते आणि फोन नंबर मात्र आठवडाभर जुने असले तरी कुणाचं बिघडत नाही. त्यामुळे एकच ओळ सगळ्या पानांना लावणं हाच मूर्खपणा होता. भावाच्या पानांना आम्ही दोन तासांची मुदत दिली, पत्त्यांच्या पानांना सात दिवसांची. लॉग-इन केल्यावर दिसणारी खात्याची पानं सामाईक कॅशमध्ये येणार नाहीत याची पुन्हा खात्री केली, कारण तिथे एकाचं शिळं दुसऱ्याच्या ताटात जायचा धोका असतो. निगराणीची एक तपासणी कॅशला वळसा घालून थेट बॅकएंडकडे वळवली.

हेल्पलाइनवरच्या मुलाने आणखी एक मागितलं. भावाच्या खाली तो केव्हाचा आहे ती वेळ छापा, म्हणाला. ती वेळ बॅकएंड उत्तरातच लिहितो, त्यामुळे प्रत कितीही शिळी झाली तरी वेळ खरीच राहते. काम अर्ध्या दिवसाचं होतं. त्यानंतर "आजचा भाव कालचाच कसा" असा फोन आला की तो आधी विचारतो, "दादा, खाली वेळ कुठली दिसतेय?"