कल्याणहून भिवंडीचा प्रिंटर थांबवताना

माझा थ्रीडी प्रिंटर भिवंडीत धामणकर नाक्याजवळच्या एका गाळ्यात आहे आणि मी राहतो कल्याणला. अंतर फार नाही, पण दुर्गाडी पूल आणि कोनगावची वाहतूक ज्याला ठाऊक आहे त्याला सांगायला नको की उठून निघालो तरी पोहोचायला तास लागू शकतो. मोठा नग छापायला अकरा-बारा तास लागतात. म्हणजे छपाईची बहुतेक रात्र गाळा बंद असतो आणि आत एक नोझल २४० अंशांवर तापलेले असते.

गाळ्याच्या दोन्ही बाजूंना यंत्रमाग आहेत. तिथला कारागीर एकाच वेळी चार-सहा माग सांभाळतो, तो डोळ्यांपेक्षा कानांवर जास्त विसंबून. शिवाय मागालाही थोडी जाण असते. बाण्याचा धागा तुटला तर माग आपला आपण थांबावा म्हणून त्यात एक छोटा काटा बसवलेला असतो. धागा असेल तर त्याचा दाब काट्याला लागतो. धागा नसेल तर दाब लागत नाही आणि माग बंद पडतो. फिलामेंट प्रिंटरला असा काटा नाही. मोटर किती फिरवायची तेवढे त्याला कळते, सोडलेले प्लास्टिक नगावर बसले की हवेत लोंबकळले याची तो चौकशी करत नाही. फिलामेंट संपले हे सांगणारा सेन्सर मिळतो, पण तळाच्या तापलेल्या पत्र्यावरून नगच सुटला तर त्याचा उपयोग नाही. नग सरकला तरी प्रिंटर सकाळपर्यंत शेवयांचा ढीग घालत बसतो. वितळलेले प्लास्टिक उलटे नोझलभोवती साचले, तर सगळे हेड गोळ्यात गाडले जाते आणि ते बदलावे लागते.

ही चौकशी बाहेरून करायची सोय म्हणजे ऑक्टोप्रिंट. जर्मनीच्या गिना हॉयस्गे यांनी २०१२च्या डिसेंबरात हा मुक्त प्रोग्राम लिहायला घेतला. त्याच वर्षी पत्त्यांच्या जोडाएवढा रास्पबेरी पाय बोर्ड बाजारात आला होता, आणि ही जोडी जमली. बोर्ड यूएसबीने प्रिंटरला जोडायचा, त्याला एक साधा वेबकॅम लावायचा आणि ब्राउझरमध्ये चित्र, तापमानाचा आलेख आणि थांबवायचे बटण पाहायचे.

यात एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. बोर्ड प्रिंटरला आज्ञा ओळीओळीने पाठवतो. प्रिंटर एक ओळ घेतो, `ok` म्हणतो, मग पुढची ओळ जाते. तापमान मात्र प्रिंटरचा स्वतःचा फर्मवेअर सांभाळतो. त्यामुळे बोर्ड गोठला तर छपाई थांबते, पण नोझल तापलेलेच राहते आणि थांबलेल्या जागी नग भाजत बसते. बोर्ड बंद पडला म्हणजे प्रिंटर बंद पडला, असे समजू नये. माझा बोर्ड पहिल्या महिन्यात असाच अडखळायचा. कारण निघाले जुना मोबाइल चार्जर. कॅमेरा सुरू झाला की व्होल्टेज पडायचे. टर्मिनलवर `vcgencmd get_throttled` दिले की उत्तर यायचे `throttled=0x50005`, म्हणजे आत्ता वीज कमी पडते आहे आणि आधीही पडली आहे. बोर्डासाठीचा खास अडॅप्टर लावल्यावर `0x0` आले.

गेल्या पावसाळ्यातली एक रात्र सांगतो. पीईटीजीची एक पेटी लावली होती, आठ सेंटिमीटर उंच, ०.२ मिलिमीटरचा थर, म्हणजे ४०० थर. रात्री अकरा-सव्वाअकराला फोनवर पाहिले तर पेटीचा डावा कोपरा पत्र्यापासून किंचित उचललेला दिसला. खाली काळी फट होती. मी पाच मिनिटे थांबलो. फट वाढली आणि नोझल त्या कोपऱ्यावरून जाताना पेटी हलू लागली. आता ती सुटणार हे नक्की होते. (कारण दुसऱ्या दिवशी सापडले. मागांतून उडणारे सुताचे तंतू पत्र्यावर बसतात, आणि त्या दिवशी मी तो स्पिरिटने पुसला नव्हता.)

मी रद्द करण्याचे बटण दाबले. नोझल लगेच थांबले नाही, कारण प्रिंटरने आधीच घेतलेल्या काही हालचाली त्याच्या पोटात शिल्लक असतात. त्या काही क्षणांत पूर्ण झाल्या, मग नोझल वर उचलले गेले. हे उचलणे आपोआप होत नाही. ऑक्टोप्रिंटची मूळ रद्द-स्क्रिप्ट मोटर सोडते आणि हीटर बंद करते, पण नोझल नगात रुतलेलेच ठेवते. म्हणून तिच्या डोक्यावर मी तीन ओळी घातल्या आहेत:

```
G91
G1 Z10 F600
G90
```

नोझल असेल तिथून दहा मिलिमीटर वर जाते. त्यानंतर मी चित्र सोडून आलेख पाहत बसलो. चित्र फसवते. इंटरनेट अडखळले की शेवटची फ्रेम पडद्यावर तशीच राहते आणि आपल्याला वाटते सगळे स्थिर आहे. यासाठी मी कॅमेऱ्यासमोर सेकंदकाटा असलेले एक स्वस्त घड्याळ टांगले आहे. काटा फिरत असेल तरच चित्र ताजे.

आलेख ५० अंशांखाली गेल्यावरच मी स्मार्ट प्लगवरून वीज तोडली. घाई करायची नाही याचे कारण आहे. नोझलच्या वरच्या भागाला थंड ठेवणारा पंखा त्याच विजेवर चालतो. गरम असताना वीज गेली तर उष्णता वर चढते, नळीतले फिलामेंट मऊ होऊन फुगते आणि दुसऱ्या दिवशी नोझल तुंबलेले मिळते. प्लगवर फक्त प्रिंटर आहे. बोर्ड, कॅमेरा आणि राउटर वेगळ्या सॉकेटवर, म्हणजे वीज तोडल्यावरही मला गाळा दिसत राहतो.

धूर दिसला तर मात्र हा क्रम सोडायचा आणि आधी वीज तोडायची. आणीबाणीची आज्ञा `M112` आहे, पण तीही फर्मवेअरनेच ऐकायची असते, आणि काही प्रिंटर तापण्याची वाट पाहत असताना ती रांगेत पडून राहते. मार्लिन फर्मवेअर तापमान बेहिशेबी वागले तर हीटर बंद करून स्वतः थांबतो, ते संरक्षण चालू आहे ना हे पाहून घ्यावे. पण हीटरची वीज चालू-बंद करणारा मॉस्फेटच शॉर्ट होऊन चालू अवस्थेत अडकला, तर आज्ञा काहीही म्हणो, हीटर तापतच राहतो. अशा वेळी वीज तोडण्यावाचून उपाय नसतो.

आणि इंटरनेटच गेले तर? तेव्हा माझे बटण, माझा प्लग, दोन्ही निरुपयोगी. म्हणून छताला धुराचा भोंगा आहे आणि गाळ्याच्या बाहेरच्या मेन स्विचची किल्ली शेजारच्या मागावर रात्रपाळीला असलेल्या मामांकडे.

दुरून पाहण्याची वाट उघडी ठेवू नये, एवढे सांगायलाच हवे. २०१८च्या सप्टेंबरमध्ये सुरक्षा संशोधकांना इंटरनेटवर पासवर्डशिवाय उघडे असलेले ३,७००हून अधिक ऑक्टोप्रिंट सापडले होते. कुणीही आत शिरून कॅमेरा पाहू शकत होता, नोझल तापवू शकत होता. राउटरवर पोर्ट उघडण्यापेक्षा फोन आणि बोर्ड यांच्यात व्हीपीएन जोडावा. मी तसेच केले आहे.

त्या रात्री पावणेबाराला प्लग बंद झाला. सकाळी शटर उघडले तेव्हा पेटी पत्र्यावर सैल पडली होती, बोटाने ढकलताच निघाली. १३२ थर झाले होते. घड्याळाचा सेकंदकाटा फिरत होता आणि कॅमेऱ्याचा लाल दिवा चालू होता.