कोणता थर आधी सरकेल?

तांब्याच्या एकसंध स्फटिकाची सळई ओढली, की एका मर्यादेनंतर ती कायमची लांबते. आतले अणू तेव्हा एकमेकांपासून तुटत नाहीत. अणूंचे थर एकमेकांवरून घसरतात. हे घसरणे ठरावीक प्रतलांवर आणि त्या प्रतलांतल्या ठरावीक दिशांनीच होते. प्रतल आणि दिशा यांची जोडी म्हणजे घसरप्रणाली. तांब्यात अणूंनी सर्वांत दाटीने भरलेली प्रतले चार आणि प्रत्येकात दिशा तीन, म्हणून अशा प्रणाली 12.

थर सरकवते ते ओढीचे सगळे बळ नव्हे, तर प्रतलावर घसरदिशेने पडणारा त्याचा वाटा. सळईवरचा ताण σ, अक्ष आणि प्रतलाचा लंब यांतला कोन φ, अक्ष आणि घसरदिशा यांतला कोन λ धरला, तर हा कर्तन ताण असा निघतो:

τ = σ cos φ cos λ

हा ताण एका ठरावीक किमतीला पोचला की घसरण सुरू होते, असा नियम एरिक श्मिड यांनी 1924 मध्ये मांडला. दोन्ही कोसाइनचा गुणाकार ज्या प्रणालीत सर्वांत मोठा, ती आधी सुटते. या गुणाकाराला श्मिड गुणांक म्हणतात आणि तो 0.5 च्या वर जात नाही.

समजा, सळईचा अक्ष [1 2 3] दिशेला आहे, म्हणजे घनाच्या तीन कडांना धरून 1, 2, 3 इतका झुकलेला. (−1 1 1) प्रतल आणि त्यातली [1 0 1] दिशा घ्या. लंबाशी कोसाइन 4 ÷ √42, म्हणजे 0.617, दिशेशी 4 ÷ √28, म्हणजे 0.756. गुणाकार 0.467. बाराही प्रणालींचे गणित केले, तर पुढचा क्रमांक 0.350 चा, आणि (1 1 −1) प्रतलावर तर शून्य, कारण ते प्रतल अक्षाला समांतर आहे. घसरणीला 1 मेगापास्कल कर्तन ताण लागतो असे धरल्यास सळई सुमारे 2.14 मेगापास्कलला नमते. पृष्ठभाग आधी चकचकीत केलेला असेल, तर सूक्ष्मदर्शकाखाली एकाच दिशेच्या समांतर रेषा दिसतात. भाकीत बरोबर आल्याची खूण तीच.

अक्ष [0 0 1] असेल, तर आठ प्रणालींचा गुणांक सारखाच, 0.408. मग अमुकच आधी सुटेल, असे सांगता येत नाही. अनेक थर एकमेकांना छेदत सरकतात आणि धातू लगेच कडक होऊ लागतो. एकच प्रणाली चालू असतानाही ओढता ओढता स्फटिक वळतो, घसरदिशा अक्षाकडे झुकते आणि गुणांक बदलत जातात. म्हणून वरचे भाकीत फक्त पहिल्या घसरणीपुरते धरावे.

लोखंड आणि टंगस्टन यांच्या स्फटिकांत थंड तापमानाला हा नियम पुरेसा पडत नाही. तिथे ओढणे आणि दाबणे यांना लागणारा कर्तन ताणही सारखा नसतो, म्हणून तांब्याचे गणित जसेच्या तसे त्यांना लावू नये.