वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर काय चालवावे?

घरातल्या इन्व्हर्टरवर पंखा, कूलर की एसी चालेल, हे दोन वेगळ्या मर्यादांवर ठरते. पहिली मर्यादा इन्व्हर्टरची असते: एका वेळी तो किती वॉटचा भार उचलू शकतो. दुसरी बॅटरीची असते: तो भार ती किती तास पुरवू शकते. दुकानात बहुधा पहिल्याच मर्यादेवर बोलणे होते. ९०० व्हीएचा इन्व्हर्टर साधारण ७०० वॉट देतो, तेव्हा एवढे सगळे आरामात चालेल, असे सांगितले जाते. ते खोटे नसते, पण अपुरे असते. रात्री एक वाजता घर अंधारात जाते ते बहुतेक वेळा बॅटरीमुळे.

बॅटरीवर १५० एएच असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ असा की, साडेसात अँपिअर इतका बेताचा प्रवाह घेतला, तर ती २० तास पुरते. त्याच बॅटरीतून ४० अँपिअर ओढले, तर १५० एएच मिळत नाहीत, फार तर ११० च्या आसपास मिळतात. शिसे-आम्लाच्या बॅटरीचा हा स्वभावच आहे: जितक्या घाईने वीज काढावी, तितकी ती कमी देते. शिवाय बॅटरीकडचा दाब फक्त १२ व्होल्ट असल्याने २३० व्होल्टवर किरकोळ वाटणारे उपकरण बॅटरीच्या तारांतून सुमारे १९ पट प्रवाह खेचते. इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारी वीज त्यात मिळवली, की बॅटरीकडचा अंदाज सोपा होतो: एकूण वॉटला दहाने भागावे, येईल तो आकडा अँपिअरचा.

आता अकोल्यातल्या एका साध्या घराचा हिशेब मांडू. ९०० व्हीएचा साइन वेव्ह इन्व्हर्टर, १५० एएचची एक नवी ट्युब्युलर बॅटरी. मे महिन्याची संध्याकाळ, वीज चार तास गेलेली. घरात ७५ वॉटचे दोन जुने पंखे, ९ वॉटचे चार एलईडी दिवे, १० वॉटचा वायफाय आणि १९० वॉटचा कूलर चालू आहे. बेरीज ३९० वॉटच्या आसपास होते. इन्व्हर्टरला ती झेपते, सुरू होताना कूलरची मोटर क्षणभर दोन-तीन पट प्रवाह खेचते तोही तो बहुधा सोसतो. पण बॅटरीतून जवळपास ४० अँपिअर जात आहेत. तिचे ११० एएच पावणेतीन तासांत संपतात आणि शेवटचा तास-सव्वा तास घर अंधारात काढावा लागतो.

त्याच घरात जुन्या पंख्यांच्या जागी ३० वॉटचे बीएलडीसी पंखे बसवले आणि कूलरच्या खोलीतला पंखा बंद ठेवला, तर भार २६६ वॉटवर येतो. बॅटरीतून २७ अँपिअर जातात आणि ती चार तास तग धरते. कूलर बंद करून दोन्ही नवे पंखे चालवले, तर भार जेमतेम १०६ वॉट राहतो. मग बॅटरीचा पाचवा हिस्सा राखूनही दहा तास निघतात. बीएलडीसी पंखा महाग वाटतो, पण इन्व्हर्टर असलेल्या घरात दुसरी बॅटरी घेण्याआधी तोच घ्यावा.

कूलर निवडताना जाहिरातीतल्या 'इन्व्हर्टरवर चालतो' या शब्दांवर विसंबू नये. चालतो सगळेच, किती वेळ चालतो ते पाहायचे असते. खोलीतल्या लहान कूलरला शंभर-सव्वाशे वॉट लागतात, पत्र्याच्या मोठ्या डेझर्ट कूलरला दोनशे किंवा त्याहून जास्त. पाणी चढवणारा पंप त्यात थोडाच, वीस ते चाळीस वॉट घेतो. मागची पट्टी पुसली गेली असेल, तर घरच्या वीज मीटरवरून आकडा काढता येतो. मीटरवर 3200 imp/kWh असे काहीतरी छापलेले असते, म्हणजे एका युनिटला लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकतो. इन्व्हर्टरचे चार्जिंग आणि घरातले बाकी सगळे बंद करून, फक्त कूलर मेन लाइनवर चालवावा आणि एक मिनिट लुकलुक मोजावी. दहा वेळा झाली, तर तासाला ६०० होतील, आणि ६०० भागिले ३२०० म्हणजे ०.१८७५ किलोवॉट, अर्थात कूलर १८७ वॉट घेतो. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर मात्र कूलर आणि जुना पंखा दोन्ही घुमतात आणि मोटर तापते. त्यासाठी साइन वेव्हच हवा.

हा सारा हिशेब विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्याचा आहे. कोकणात किंवा गोव्यात हवाच दमट असते, ताट्यांमधून पाणी नीट उडत नाही आणि कूलर खोली गार करण्याऐवजी ओल वाढवतो. तिथे बॅटरी त्याच्यावर खर्च करण्यात अर्थ नाही, पंखाच बरा.

एसीबाबत एक गैरसमज दूर करायला हवा. 'इन्व्हर्टर एसी' म्हणजे घरच्या इन्व्हर्टरवर चालणारा एसी नव्हे. त्याचा कॉम्प्रेसर गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करतो, एवढाच त्या नावाचा अर्थ. दीड टनाचा एसी पंचेचाळीस अंशांच्या दुपारी पंधराशे वॉटपर्यंत जातो. जुना, एकाच वेगाचा कॉम्प्रेसर तर सुरू होताना क्षणभर पाच-सहा पट प्रवाह मागतो. ९०० व्हीएचा इन्व्हर्टर त्यापुढे लगेच ओव्हरलोड दाखवून बंद पडतो. मोठा इन्व्हर्टर जोडून एकाच १२ व्होल्टच्या बॅटरीतून हे करू गेल्यास दीडशे अँपिअर वाहतात: तारा आणि टर्मिनल तापतात, बॅटरी तासाच्या आत रिकामी होते आणि आग लागण्याचा धोका असतो. एसीच हवा असेल, तर सुमारे ५ केव्हीएचा इन्व्हर्टर आणि १५० एएचच्या चार बॅटऱ्यांची ४८ व्होल्टची मांडणी लागते. एवढे करून दीड टनाचा एसी पूर्ण भारावर अडीच-तीन तास चालतो. त्या पैशांत घरभर बीएलडीसी पंखे येतात, म्हणून आजारी माणूस किंवा तान्हे बाळ नसलेल्या घरात हा खर्च पटण्यासारखा नाही.

आणखी एक मर्यादा सहसा कोणी मोजत नाही. रिकामी झालेली १५० एएचची बॅटरी भरायला दहा-बारा तास लागतात. वीज दिवसातून दोनदा जात असेल, तर ती पुरती भरतच नाही, आतल्या पट्ट्यांवर सल्फेट जमते आणि दोन-तीन उन्हाळ्यांत ती निम्मी उरते. खूण सोपी आहे: तोच भार असताना वेळ घटत जातो, पाणी लवकर कमी होते, चार्जिंगच्या वेळी बॅटरी हाताला गरम लागते. असे दिसले, की आधी कूलर इन्व्हर्टरच्या लाइनवरून काढावा. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच घालावे आणि ती हवेशीर जागी ठेवावी, कारण चार्ज होताना तिच्यातून ज्वालाग्राही हायड्रोजन निघतो.

इन्व्हर्टर लाइनवरच्या कूलरबाबत शेवटची दक्षता सर्वांत गरजेची आहे. वीज गेली, आता कूलरला शॉक लागणार नाही, असे समजून त्यात पाणी भरले जाते. पण इन्व्हर्टरमधून येणारे २३० व्होल्ट तितकेच जीवघेणे असतात आणि पत्र्याचा ओला कूलर त्यासाठी धोक्याची जागा आहे. कूलरचे अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावे, आणि वीज असो वा नसो, पाणी भरण्याआधी प्लग बाहेर काढावा.