विश्लेषण : अवकाशातल्या अणुस्फोटाचे इलेक्ट्रॉन पृथ्वीभोवती का अडकले?

९ जुलै १९६२ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरातील जॉन्स्टन बेटाच्या आकाशात, सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर १.४ मेगाटन क्षमतेचा अणुस्फोट घडवला. ‘स्टारफिश प्राइम’ हे या चाचणीचे नाव. दुसऱ्याच दिवशी ‘टेलस्टार-१’ हा दळणवळण उपग्रह अवकाशात गेला. स्फोट झाला तेव्हा तो जमिनीवरच होता, तरीही त्या स्फोटातून निघालेल्या इलेक्ट्रॉनांचा मारा त्याला भोवला. हे इलेक्ट्रॉन पृथ्वीभोवती कशाने धरून ठेवले होते?

कण परत का फिरतात?

स्फोटातून उरलेल्या किरणोत्सारी तुकड्यांनी मोठ्या प्रमाणात वेगवान इलेक्ट्रॉन बाहेर टाकले. चुंबकीय क्षेत्रात विद्युतभारित कण सरळ जात नाही. तो क्षेत्ररेषेभोवती गिरक्या घेत, स्प्रिंगच्या आकारात पुढे सरकतो. पृथ्वीच्या क्षेत्ररेषा विषुववृत्ताच्या वर, अवकाशात एकमेकींपासून दूर असतात आणि ध्रुवांकडे जमिनीजवळ येताना दाटीवाटीने एकत्र येतात. जिथे रेषांची दाटी, तिथे क्षेत्र तीव्र.

चुंबकीय बल नेहमी क्षेत्ररेषेला काटकोनात असते. रेषा आत झुकत असल्या, की हे बलही थोडे कलते आणि त्याचा लहानसा भाग कणाला मागे, कमी क्षेत्राच्या दिशेने ढकलतो. कण जसजसा पुढे जातो, तसतसा त्याचा पुढचा वेग घटतो. शेवटी तो शून्य होतो आणि कण माघारी फिरतो. दुसऱ्या गोलार्धातही हेच घडते. म्हणूनच या रचनेला ‘चुंबकीय आरसा’ म्हणतात.

हिशोब कसा लागतो?

गिरकीची ऊर्जा भागिले क्षेत्राची तीव्रता हा भागाकार जवळपास कायम राहतो. यालाच ‘अॅडियाबॅटिक इनव्हेरियंट’ म्हणतात. (प्रकाशाच्या जवळपास वेगाने जाणाऱ्या कणांसाठी गिरकीच्या ऊर्जेऐवजी त्या दिशेच्या संवेगाचा वर्ग घेतात.) चुंबकीय बल कणाची एकूण ऊर्जा बदलत नाही. त्यामुळे क्षेत्र वाढले की गिरकीची ऊर्जा वाढते आणि ती पुढे जाण्याच्या ऊर्जेतूनच वळती होते.

एक उदाहरण पाहू. विषुववृत्तावर सुमारे ६,४०० किलोमीटर उंचीवरून जाणारी क्षेत्ररेषा घ्या. तिथे क्षेत्र अंदाजे ३,९०० नॅनोटेस्ला असते. हीच रेषा जमिनीला टेकते तिथे ते सुमारे ४९,००० नॅनोटेस्ला, म्हणजे साडेबारा पटींहून थोडे जास्त होते. विषुववृत्तावर रेषेशी ४५ अंशांचा कोन करून निघालेला इलेक्ट्रॉन क्षेत्र दुप्पट होताच परततो. ३० अंशांचा इलेक्ट्रॉन क्षेत्र चौपट होईपर्यंत पुढे जातो. दोघेही दाट हवेच्या बरेच वर असतानाच मागे फिरतात.

मग सुटतात कोण?

रेषेला जवळपास समांतर निघालेले. वरच्या उदाहरणात हा कोन सुमारे १६ अंशांपेक्षा कमी असेल, तर माघारी फिरण्याइतके तीव्र क्षेत्र मिळण्याआधीच इलेक्ट्रॉन हवेत घुसतो आणि रेणूंशी टक्कर होऊन हरवतो. या अरुंद दिशांना ‘गळतीचा शंकू’ म्हणता येईल. विषुववृत्तावर सर्व दिशांना सारखे इलेक्ट्रॉन सोडले, तर त्यातले जेमतेम ४ टक्के या शंकूत सापडतात. उरलेले ९६ टक्के अडकतात. उपग्रहावरील मोजणी यंत्रात रेषेच्या दिशेने येणारे कण फार कमी आणि आडवे येणारे भरपूर दिसले, की कण सापळ्यात असल्याचे कळते.

सापळा तुटतो कसा?

भागाकार कायम राहण्यासाठी एक अट आहे : एका गिरकीत क्षेत्र फारसे बदलता कामा नये. वरच्या ठिकाणी दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनच्या गिरकीची त्रिज्या जेमतेम सव्वा किलोमीटर असते आणि क्षेत्र तर हजारो किलोमीटरवर सावकाश बदलते. त्यामुळे अट आरामात पाळली जाते. मात्र कणाच्या गिरकीशी ताल जुळणाऱ्या विद्युतचुंबकीय लहरी आल्या, तर त्या कणाचा कोन थोडाथोडा बदलतात. विरळ हवेतल्या टकरीही तेच करतात. कधीतरी कोन शंकूत शिरतो आणि कण गळतो. ही गळती संथ असल्यामुळे स्टारफिशचे काही इलेक्ट्रॉन काही वर्षे टिकले.

टेलस्टारची कक्षा सुमारे ९५० ते ५,६०० किलोमीटर उंचीची होती, म्हणजे तो या सापळ्यातूनच वारंवार जात होता. किरणोत्साराने त्याच्या आदेश स्वीकारणाऱ्या सर्किटमधील ट्रान्झिस्टर बिघडले आणि नोव्हेंबर १९६२ मध्ये उपग्रह गप्प झाला. जानेवारीत अभियंत्यांनी तो पुन्हा सुरू केला, पण २१ फेब्रुवारी १९६३ रोजी तो कायमचा बंद पडला.